जमिनीचे पैसे, टेम्पोचे कर्ज आणि बागेची किंमत

प्रश्न : आमचे गाव संगमेश्वर तालुक्यात. महामार्गाच्या चौपदरीकरणात जमिनीचा एक पट्टा गेला, त्याचे ९ लाख वडिलांनी वर्षापूर्वी ६.७५ टक्क्यांनी ठेवीत टाकले. माझ्या टेम्पोच्या कर्जाचे ६ लाख बाकी आहेत, व्याज ११ टक्के, अजून ४ वर्षे. वडील म्हणतात, जमिनीचे पैसे टेम्पोला लावायचे नाहीत. दुसरे, आमच्या २२ गुंठे हापूसच्या बागेला १४ लाख देणारा माणूस आहे. भाऊ २५ च्या खाली बोलायला तयार नाही, आणि शेजारची तशीच बाग १३ लाखांना मिळते आहे ती त्याला महाग वाटते. पैसा तो पैसा, असे मानणारा मीच चुकतो आहे का?

उत्तर :

तुम्ही चुकत नाही, पण वडील किंवा भाऊ अडाणीपणाने वागत आहेत असेही मला वाटत नाही. गेली सत्तावीस वर्षे मी रत्नागिरीत हिशेब, आयकर आणि कर्जप्रकरणे यांचे काम करतो, आणि महामार्गाचा मोबदला मिळू लागल्यापासून तुमच्यासारखी घरे माझ्यासमोर सतत येत आहेत. अशा घरात खरा प्रश्न पैसा एकच आहे की वेगवेगळा, हा नसतो. रकमेला दिलेले नाव जपण्यासाठी घर वर्षाला किती रुपये मोजत आहे आणि तेवढे मोजणे घराला मान्य आहे का, हा असतो. हा आकडा काढता येतो, आणि तो कागदावर आला की बोलण्याचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

आकड्याकडे जाण्यापूर्वी एक गोष्ट तपासायला हवी. तो पट्टा वडिलांच्या स्वकष्टार्जित जमिनीचा होता की वडिलोपार्जित, आणि सातबाऱ्यावर आणखी कोणाची नावे होती, हे तुम्ही लिहिलेले नाही. मुंबईला असलेले काका किंवा लग्न होऊन गेलेल्या बहिणी यांचा त्यात हिस्सा असेल, तर ते ९ लाख संपूर्णपणे तुमच्या घराचे नाहीतच, आणि वडील त्यांना हात लावू देत नाहीत तेव्हा ते दुसऱ्याच्या पैशांची राखण करीत असतात. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क आहे, हे अनेक घरांत अजूनही लक्षात घेतले जात नाही. हिस्सेदार असतील तर आधी त्यांची वाटणी बाजूला काढा. पुढचे सगळे विवेचन ही रक्कम वडिलांची स्वतःची आहे असे धरून केले आहे.

काही वर्षांपूर्वी कणकवलीकडचे एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे विवरणपत्र भरण्यासाठी आले होते. त्यांनी पिशवीतून दोन पासबुके काढली. एक साधे, कडा दुमडलेले. दुसरे लाल कापडात गुंडाळलेले, आणि त्याच्या आत संपादनात गेलेल्या जमिनीचा जुना सातबारा चार घड्या घालून ठेवलेला. मी दोन्ही खात्यांची बेरीज एका ओळीत लिहू लागलो तेव्हा त्यांनी माझा हात थांबवला आणि म्हणाले, "ह्या पैशांक हात लावचो नाय, ती जमीन आसा." त्यांच्या दृष्टीने जमीन गेलेली नव्हती. तिने फक्त रूप बदलले होते, आणि त्या पासबुकातून पैसे काढणे म्हणजे जमीन पुन्हा एकदा, आणि या वेळी स्वतःच्या हाताने, विकणे होते. तुमच्या वडिलांच्या वाक्याचा अर्थ मला तसाच लागतो.

अर्थशास्त्रात यातील पहिल्या भागाला मेंटल अकाउंटिंग म्हणतात. रिचर्ड थेलर यांनी १९८० च्या दशकात ही कल्पना मांडली आणि २०१७ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यात या कामाचाही वाटा होता. कल्पना साधी आहे. माणूस मनात वेगवेगळी खाती उघडतो, प्रत्येक रुपया आला कुठून आणि तो कशासाठी आहे यावरून त्याला एका खात्यात घालतो, आणि मग एका खात्यातला रुपया दुसऱ्या खात्याच्या कामी सहज येऊ देत नाही. ट्वर्स्की आणि काहनेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रश्न यासाठी नेहमी सांगितला जातो. नाटकाला गेलात, तिकीट १० डॉलरचे आहे, आणि दारात लक्षात आले की खिशातली १० डॉलरची नोट हरवली आहे. तरीही तिकीट घ्याल का? ८८ टक्के लोक हो म्हणाले. दुसऱ्या गटाला विचारले की आधीच काढलेले १० डॉलरचे तिकीट हरवले आहे, तर पुन्हा काढाल का? हो म्हणणारे ४६ टक्केच निघाले. दोन्ही ठिकाणी नुकसान १० डॉलरचेच आहे आणि दोन्ही ठिकाणी पुढचे नाटक तेच आहे. फरक इतकाच की हरवलेली नोट "नाटक" या खात्यात लिहिली जात नाही आणि हरवलेले तिकीट लिहिले जाते, त्यामुळे दुसऱ्या गटाला ते नाटक २० डॉलरचे वाटू लागते.

ही खाती निरुपयोगी असती तर इतकी टिकली नसती, हे मी मुद्दाम सांगतो. मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर कोकणातली घरे चालली ती याच खात्यांमुळे. माझी आई पैसे हातात पडले की त्याच दिवशी ते डब्यांत वाटून ठेवत असे. वाण्याचा डबा वेगळा, शाळेच्या फीचा वेगळा आणि गणपतीचा वेगळा. जुलैत घरात कितीही ओढाताण असली तरी गणपतीच्या डब्याला हात लागत नसे, आणि म्हणूनच भाद्रपदात कर्ज काढावे लागत नसे. जिथे मिळकत अनियमित असते आणि मोह किंवा गरज रोज समोर उभी असते, तिथे "हा पैसा त्याचा नव्हे" हा नियम कुलपाचे काम करतो. वडिलांनी ९ लाख "जमिनीचे" म्हटले नसते, तर ते एव्हाना दुरुस्तीत, लग्नात आणि नातेवाइकांच्या हातउसन्यात विरघळले असते, असे मी अनेक घरांत घडताना पाहिले आहे. खात्याचा तोटा होतो तो एका विशिष्ट परिस्थितीत : एका खात्यात स्वस्त पैसा पडून असतो आणि त्याच घरात दुसरे खाते महाग पैसा उसना घेत असते. तुमच्या घरात आज नेमके हेच चालू आहे.

आता तो आकडा काढू. कर्ज ६ लाख, दर ११ टक्के, ४८ महिने, म्हणजे तुमचा हप्ता साधारण १५,५०० रुपये असणार. ठेवीतले ६ लाख तसेच राहिले तर ४ वर्षांनी त्यांचे सुमारे ७ लाख ८५ हजार होतील. याउलट, आज त्या ६ लाखांनी कर्ज फेडले आणि सुटलेला १५,५०० चा हप्ता त्याच ६.७५ टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत दरमहा न चुकता भरला, तर ४ वर्षांनी सुमारे ८ लाख ५१ हजार जमतील. फरक ६६ हजारांच्या आसपास आहे. यातून दोन खर्च वजा करायला हवेत. वाहनकर्ज मुदतीआधी फेडताना बँक किंवा फायनान्स कंपनी फोरक्लोजर चार्ज लावू शकते. तो ३ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर २१,२४० रुपये होतात. ठेव मोडल्यावर बँक सामान्यतः ठेव जितका काळ राहिली त्या काळाचा दर देते आणि त्यातून आणखी अर्धा ते एक टक्का कापते. वर्षभर राहिलेल्या ६ लाखांवर हे नुकसान साडेसात हजार धरू. हे दोन्ही खर्च आज होतात, म्हणून त्यांचेही ४ वर्षांचे व्याज धरावे लागते. ते धरल्यावर ६६ हजारांतून साधारण २८ ते २९ हजार उरतात. म्हणजे वडिलांचे खाते आज आहे तसेच बंद ठेवण्याची किंमत ४ वर्षांत २८-२९ हजार रुपये आहे. तुमच्या कर्जाच्या करारात फोरक्लोजर चार्ज नसेल, तर हीच किंमत ५६ हजारांच्या पुढे जाते.

आता तिसरा मार्ग पाहा. माझ्या मते तुमच्या घराला तोच योग्य आहे. ठेव मोडू नका. तिच्या तारणावर ६ लाखांचे कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट घ्या आणि त्यातून टेम्पोचे कर्ज बंद करा. असे कर्ज बहुतेक बँका ठेवीच्या दरापेक्षा १ ते २ टक्के जास्त दराने देतात. १ टक्का धरला तर दर ७.७५ होतो. तुम्ही दरमहा तेच १५,५०० भरत राहिलात तर हे कर्ज ४८ ऐवजी ४५ व्या महिन्यात संपते, आणि वाचलेल्या हप्त्यांचे सुमारे ५१ हजार रुपये तुमच्या हाती राहतात. फोरक्लोजर चार्ज त्यावरील व्याजासह वजा केला तर निव्वळ फायदा २४ हजारांच्या आसपास उरतो. ठेव मोडण्याच्या मार्गाने २८-२९ हजार, या मार्गाने २४ हजार. वडिलांच्या पासबुकातली रक्कम एका रुपयानेही कमी होत नाही, "जमिनीचे ९ लाख" हे शब्द खरे राहतात, आणि त्यासाठी घराला ४ वर्षांत फक्त ५ हजार रुपये मोजावे लागतात. मी स्वतः तुमच्या जागी असतो तर हे ५ हजार आनंदाने मोजले असते, कारण वडिलांशी चार वर्षे चालणारा वाद त्याहून फार महाग पडतो.

या मार्गात दोन ठिकाणी घसरण होते. पहिली म्हणजे ओव्हरड्राफ्टला बहुधा सक्तीचा हप्ता नसतो. टेम्पोच्या कर्जाचा हप्ता ठरलेल्या तारखेला खात्यातून आपोआप जात होता. इथे तुम्ही भरला नाहीत तरी व्याज फक्त चढत राहते आणि कोणी फोन करीत नाही. पावसाळ्यात टेम्पोला काम कमी असते, तेव्हा दोन महिने भरणे राहून जाते, आणि एकदा राहिले की ती सवय होते. म्हणून ओव्हरड्राफ्टपेक्षा ठरावीक हप्त्याचे ठेव तारण कर्ज मिळत असेल तर ते घ्या, नाहीतर तुमच्या खात्यातून दरमहा आपोआप रक्कम वर्ग होण्याची लेखी सूचना बँकेला द्या. दुसरी गोष्ट नावाची. ठेव वडिलांची असल्यामुळे कर्जही त्यांच्याच नावावर निघेल. तुमच्या नावावर काढायचे म्हटले तर काही बँका दर वाढवतात. वडील कर्जदार होणार आणि हप्ते तुम्ही भरणार, हे भावासमोर स्पष्ट बोलून घ्या आणि एका कागदावर लिहून त्यावर तिघांच्या सह्या घ्या.

कराचा भाग तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही टेम्पोचा धंदा पूर्ण हिशेब ठेवून दाखवत असाल आणि प्रत्यक्ष कर भरत असाल, तर ११ टक्के व्याजाचा काही भाग करात वाचतो आणि वरचा फायदा त्या प्रमाणात कमी होतो. मालवाहू गाड्यांसाठीच्या अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने विवरणपत्र भरत असाल, तर व्याजाची वेगळी वजावट मिळत नाही आणि वरचे आकडे जवळजवळ तसेच लागू होतात. तुमच्यासारखे एक-दोन गाड्यांचे बहुतेक मालक याच पद्धतीने भरतात.

आता बाग. इथे दुसरी प्रवृत्ती काम करते, आणि माझ्या अनुभवात ती पहिलीपेक्षा हट्टी असते. थेलर यांनीच १९८० मध्ये तिला एंडोमेंट इफेक्ट हे नाव दिले. एखादी वस्तू आपली झाली की ती सोडण्यासाठी आपण जितके मागतो, तितके ती नव्याने घेण्यासाठी कधीच दिले नसते. काहनेमान, क्नेच आणि थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला कॉफीच्या मगांचा प्रयोग तुमच्या भावाच्या प्रकरणाला इतका जुळतो की तो नीट समजून घ्यावा असे मला वाटते. त्यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला मग देऊन टाकला आणि विचारले, किती मिळाले तर विकाल? दुसऱ्याला मग दिला नाही आणि विचारले, किती देऊन घ्याल? तिसऱ्या गटालाही मग दिला नाही. त्याला सांगितले की तुम्हाला एक तर मग मिळेल किंवा रोख रक्कम मिळेल, तर किती रकमेपासून पुढे तुम्ही मगाऐवजी रक्कम घ्याल? विकणाऱ्यांचा मध्यम आकडा ७.१२ डॉलर आला, घेणाऱ्यांचा २.८७, आणि निवड करणाऱ्यांचा ३.१२.

यातला तिसरा गट महत्त्वाचा आहे. पहिला आणि तिसरा गट यांच्यासमोरची निवड अगदी एकच होती : घरी मग न्यायचा की रोख. दोघांच्याही खिशातून काही जाणार नव्हते. तरीही ज्यांच्या हातात मग आधीच होता त्यांनी दुपटीहून जास्त मागितले, कारण त्यांना तो व्यवहार काहीतरी गमावल्यासारखा वाटत होता आणि तिसऱ्या गटाला काहीतरी मिळवल्यासारखा. सारखीच रक्कम गमावण्याचे दुःख मिळवण्याच्या आनंदापेक्षा मोठे वाटते, हे काहनेमान आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले होते, आणि या परिणामाचे स्पष्टीकरण बहुधा तेच दिले जाते. सर्व अभ्यासकांना ते मान्य नाही. २००५ मध्ये प्लॉट आणि झायलर यांनी भाग घेणाऱ्यांना आधी पद्धत नीट शिकवून आणि सराव देऊन मगांचा प्रयोग केला, तेव्हा ही तफावत दिसली नाही. पण बाग विकणे हे काही आपण सराव करून शिकत नाही. बहुतेक माणसे आयुष्यात एकदाच बाग विकतात.

रोज विकणाऱ्याला ही अडचण कमी भासते, हे मी मिरकरवाड्याच्या जेटीवर पाहिले आहे. तिथले एक मासळीचे व्यापारी माझे जुने अशील आहेत. सकाळी ओल्या लाद्यांवर सुरमईच्या पाट्या मांडलेल्या असतात, बोली सुरू होते, आणि दोन मिनिटांत पाटी दुसऱ्याची होते. आपली पाटी कमी भावात गेली म्हणून मी त्यांना कधी थबकलेले पाहिले नाही, कारण ती पाटी त्यांनी विकण्यासाठीच हातात घेतलेली असते. खेळाडूंची चित्रे छापलेली संग्रहाची कार्डे विकणाऱ्या-घेणाऱ्यांच्या बाजारात अर्थतज्ज्ञ जॉन लिस्ट यांनी २००३ मध्ये हेच दाखवले की अनुभवी व्यापाऱ्यांत हा परिणाम फारच कमी दिसतो. पण याच गृहस्थांची एक जुनी लाकडी होडी होती. नवी यांत्रिक नौका आल्यावर तिचा उपयोग उरला नव्हता. तिला ३ लाख देणारा माणूस आला तेव्हा ते म्हणाले, ७ च्या खाली नाही, ती आमच्या घराची रोजी आहे. झावळ्यांच्या छपराखाली तिने तीन पावसाळे काढले, तळाच्या फळ्या मऊ पडल्या, आणि शेवटी इंजिन वेगळे आणि लाकूड वेगळे असे विकावे लागले. दोन्ही मिळून एक लाखही आले नाहीत. माणूस एकच होता, भाव ओळखण्याची त्याची नजरही तीच होती. पाटी त्यांनी कधी आपली मानली नव्हती आणि होडी मानली होती.

तुमच्या भावाच्या २५ आणि १३ मधल्या १२ लाखांच्या फरकात हा परिणाम किती आणि खरी कारणे किती, हे वेगळे काढायला हवे. खरी कारणे असतातच. स्वतःच्या बागेचा सातबारा, फेरफार आणि वहिवाट तुम्हाला पाठ असते. शेजारच्या बागेत कोणाचा हक्क लपला आहे हे तुम्हाला माहीत नसते, आणि ते शोधायला वकील लागतो. घेणाऱ्याला मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च येतो. तुमच्या बागेपर्यंत गाडी जात असेल आणि त्यांच्या बागेतून आंब्याच्या पेट्या डोक्यावरून आणाव्या लागत असतील, तर त्यालाही किंमत आहे. झाडांचे वय आणि मोहोराची नियमितता पाहायला हवी. जुन्या पद्धतीने दहा-दहा मीटरवर लावलेल्या बागेत गुंठ्याला साधारण एक कलम बसते, म्हणजे दोन्हीकडे वीस-बावीस झाडे असणार; ती एकेक करून मोजा. समजा, कागदपत्रांच्या खात्रीला १ लाख, खरेदीच्या खर्चाला १ लाख आणि रस्त्याला दीड लाख अशी किंमत तुम्ही तिघांनी मिळून ठरवली. मग शेजारच्या १३ च्या तुलनेत तुमची बाग साडेसोळापर्यंत समर्थनीय ठरते. त्यापुढचे साडेआठ लाख मालकीच्या ओढीचे आहेत. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. तुमचे वेगळे येतील, पण प्रत्येक लाखासमोर कारण लिहिण्याची पद्धत तीच ठेवा.

आजोबांनी लावलेल्या कलमांची ओढ ही चूक आहे, असे मी कोणालाही सांगत नाही. भावाला ती बाग २५ लाखांच्या तोलाची वाटत असेल आणि त्याला ती कधीच विकायची नसेल, तर तो पूर्ण निर्णय आहे आणि त्याचा मान राखावा. अडचण तेव्हा होते, जेव्हा बाग विकायची तर आहे, पण भाव मागताना ओढीचे पैसेही गिऱ्हाइकाकडून वसूल व्हावेत अशी अपेक्षा असते. गिऱ्हाइकाच्या आजोबांनी ती कलमे लावलेली नाहीत. त्यातून शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, त्यामुळे आपल्याकडे गिऱ्हाइके मुळातच थोडी असतात आणि गेलेला माणूस सहसा परत येत नाही.

माझ्या कार्यालयात मी अशा भावंडांना चर्चा सुरू करण्यापूर्वी वेगवेगळे बसवतो आणि प्रत्येकाकडून तीन आकडे लिहून घेतो. आपली बाग किती मिळाले तर द्याल? शेजारची बाग किती देऊन घ्याल? आणि तिसरा, जो मगाच्या तिसऱ्या गटाचा प्रश्न आहे : समजा आज तुमच्याकडे बाग नाही आणि कोणी म्हणाले की ही बाग घ्या किंवा इतके रोख घ्या, तर किती रोख असेल तर तुम्ही बागेऐवजी रोख निवडाल? तिसरा आकडा लिहिताना माणसे बराच वेळ थांबतात, आणि तो जवळजवळ नेहमी दुसऱ्या आकड्याच्या जवळ पडतो. तो आकडा १४ च्या खाली आला तर तुमच्या घराला बाग विकणे खरोखर हिताचे आहे. तो २० आला, तर भावाला ती बाग मनापासून हवी आहे, आणि मग त्याने तुमचा हिस्सा त्या दराने विकत घ्यावा, हा प्रस्ताव न्याय्य ठरतो. उत्पन्नाचाही ताळा घ्या. १४ लाख ६.७५ टक्क्यांनी वर्षाला ९४,५०० देतात. बाग कराराने दिल्यावर गेल्या पाच हंगामांत सरासरी किती मिळाले ते त्याशेजारी लिहा. एकाच चांगल्या वर्षाचा आकडा धरू नका, कारण हापूस एक वर्ष भरभरून येतो आणि पुढच्या वर्षी हात आखडतो.

बाग विकायचे ठरलेच, तर एक काम खरेदीखतापूर्वी करा. ते १४ लाख घरात आले की त्यांनाही "बागेचे पैसे" हे नाव पडेल आणि लाल कापडातले आणखी एक पासबुक तयार होईल. पैसे येण्याआधी त्यांना नावे देणे सोपे असते, आल्यानंतर नाव बदलणे फार कठीण जाते. म्हणून कोणाचा किती हिस्सा, किती रक्कम वडिलांच्या औषधपाण्यासाठी, किती कर्जासाठी आणि किती दुसऱ्या जमिनीसाठी, हे इसार घेण्यापूर्वी लिहून ठेवा आणि रक्कम मिळताच त्याप्रमाणे वेगवेगळ्या खात्यांत वर्ग करा. वडिलांची पद्धतच वापरायची आहे, फक्त खात्यांची नावे सर्वांनी मिळून आधी ठरवायची आहेत.

टेम्पोचे काम मात्र याच आठवड्यात सुरू करता येईल. कर्ज देणाऱ्या संस्थेकडून आजच्या तारखेचे फोरक्लोजर पत्र लेखी मागवा. त्यात मुद्दल, व्याज आणि आकार वेगवेगळे दाखवलेले असावेत. वडिलांच्या बँकेतून ठेव तारण कर्जाचा दर आणि हप्त्याची सोय लेखी घ्या. हे दोन कागद शेजारी ठेवून माझे आकडे तुमच्या आकड्यांनी बदला. दोन दरांतला फरक दीड टक्क्याच्या खाली आला आणि फोरक्लोजर चार्ज २० हजारांच्या वर असला, तर काहीही न करता आहे ते कर्ज चालू ठेवणे बरे. कर्ज फेडलेत तर एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घेतल्याशिवाय परत येऊ नका, कारण त्याशिवाय आरटीओत आरसीवरचा बोजा उतरत नाही आणि टेम्पो कागदोपत्री त्या संस्थेकडेच तारण राहतो.